घटस्फोट झालाय, एक मूल आहे: डेटिंग प्रोफाइलच्या बायोत हे नेमकं कसं लिहावं?

सांजदिवा

वय ३८. घटस्फोट कायद्याने पूर्ण होऊन दोन वर्षं झाली. आठ वर्षांची मुलगी आहे. यातलं काहीही लपवायचं नाही, पण बायो लिहायला बसलं की एक तर शोकगीत होतं नाहीतर अटींची यादी. खालचा मसुदा बघून मोकळेपणाने सांगा, काय ठेवू आणि काय काढू. ॲपला बायोसाठी ३०० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे यात फारसं वाढवता येणार नाही.

> नमस्कार. मी एक साधा, सरळ माणूस. आयुष्याने बरंच काही शिकवलंय. एका कठीण काळातून बाहेर पडलोय (घटस्फोटित). माझी लेक माझं जग आहे आणि ती कायम पहिली असेल, हे मान्य असेल तरच पुढे या. खोटं बोलणारे, नाटकं करणारे लोक कृपया लांब राहा. प्रवास, संगीत आणि गप्पा आवडतात. बाकी भेटल्यावर बोलूच.

---

खडीसाखर

मूल आहे हे भरायला बहुतेक ॲपमध्ये वेगळा रकाना असतो, काहींमध्ये घटस्फोटासाठीही असतो. तिथे भरा आणि बायोत फक्त स्वतःबद्दल लिहा. एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? बायोतली जागा मोलाची आहे.

---

पारिजात_३

मी उलट म्हणेन. पहिलीच ओळ "घटस्फोटित, एक मुलगी" अशी ठेवा. ज्यांना चालणार नाही ते लगेच पुढे जातील. दोघांचाही वेळ वाचतो.

---

मोडीवाचक

वर दोघांनी सांगितलं त्यात अर्धं-अर्धं बरोबर आहे, म्हणून आधी तेवढं वेगळं करतो.

रकाने भरायलाच हवेत. ते रिकामे सोडले तर मूल असलेला जोडीदार नको म्हणणाऱ्यांनाही तुमची प्रोफाइल दिसत राहते, आणि तिथून मिळणारे नकार तुम्ही उगाच स्वतःच्या अंगावर घेता. पण रकान्यात फक्त "मुलं आहेत" एवढंच कळतं. किती, किती मोठी, कुणाजवळ राहतात, हे कळत नाही. वाचणारी व्यक्ती त्या रिकाम्या जागी स्वतःच्या मनातलं भरते आणि बहुतेकदा वाईटातलं वाईट भरते. शिवाय काही ॲपमध्ये रकाना भरूनही तो प्रोफाइलवर दाखवायचा की नाही यासाठी वेगळं बटण असतं. हिंजवर असं आहे. माणूस समजतो आपण सांगितलंय, आणि समोरच्याला ते दिसलेलंच नसतं. मग तिसऱ्या दिवशी गप्पांमध्ये मुलीचा विषय निघाला की "हे आधी का नाही सांगितलंस?" येतं. भरल्यावर प्रोफाइलचा पूर्वावलोकनाचा पर्याय उघडून, दुसऱ्याला जसं दिसतं तसं एकदा बघून घ्या.

आता पहिल्या ओळीबद्दल. पहिली ओळ हीच फोटोखाली किंवा यादीत आधी दिसते. तिथे "घटस्फोटित, एक मुलगी" असेल तर तुम्ही कोण आहात हे कळायच्या आधी तुमची स्थिती कळते. तो फॉर्म वाटतो, माणूस वाटत नाही. माझ्या मते क्रम असा हवा: पहिलं वाक्य तुम्ही काय करता, कशात रमता याचं. दुसरं आणि तिसरं घटस्फोट आणि मुलाचं. मग काय शोधताय ते. म्हणजे माहिती लवकर येते, शेवटी लाजत येत नाही, पण तिच्याआधी एक माणूस उभा राहिलेला असतो.

सांजदिवा, तुमच्या मसुद्यात घटस्फोट कंसात आहे आणि "कठीण काळ" कंसाबाहेर. हे उलटं झालंय. वस्तुस्थिती दडली आणि भावना पुढे आली. वाचणाऱ्याला तुमच्या काळाचं काठिण्य मोजता येत नाही. त्याला एवढंच जाणवतं की हा अजून त्यातच आहे.

मसुदा पुढे न्यायचा तर काही उत्तरं लागतील. मुलगी कुणाजवळ राहते? तुमच्याकडे कधी असते? तुम्हाला आणखी मूल हवंय का? आठवड्यात खरोखर किती वेळ मोकळा असतो? आणि "प्रवास, संगीत, गप्पा" सोडून असं काय करता जे शेजारचे शंभर लोक करत नाहीत?

---

रुणझुण

वाचणाऱ्या बाजूने लिहिते. "मूल आहे" वाचलं की माझ्या डोक्यात लगेच प्रश्न येतात: मूल याच्याजवळ राहतं का? याच्या पूर्वीच्या बायकोशी रोजचे वाद चालू आहेत का? मला त्या मुलाची आई व्हायला बोलावलंय का? आणि याला माझ्यासाठी वेळ असेल का? चारही प्रश्नांची उत्तरं बायोतच हवीत असं नाही. पण पहिल्याचं मिळालं तर उरलेले विचारायला मी मेसेज करते. एकाचंही मिळालं नाही तर पुढे जाते, कारण अनोळखी माणसाला पहिल्याच मेसेजात हे विचारणं अवघड असतं.

आणि "ती कायम पहिली असेल, हे मान्य असेल तरच पुढे या" हे काढा. मुलगी पहिली असणार हे मला न सांगताही ठाऊक असतं. ते दाराशीच बजावलं की वाटतं, आधी कुणाशी तरी याच मुद्द्यावर भांडण झालंय आणि त्याचा जाब मला द्यायचाय.

---

सांजदिवा

आभार. मोडीवाचक, उत्तरं देतो. मुलगी शाळेच्या दिवसांत आईकडे असते, एक आड एक शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी माझ्याकडे. आणखी मूल हवं की नको हे मी ठरवलेलं नाही, दार बंद केलेलं नाही. आठवड्यातल्या संध्याकाळी मोकळा असतो. काम पुलांच्या तपासणीचं. घरी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतो. हे कुणाला रंजक वाटेल असं वाटलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

रुणझुण, ते वाक्य मी प्रामाणिकपणा म्हणून लिहिलं होतं. त्यात दटावणी दिसते हे लक्षात आलं नव्हतं.

---

गव्हाळ

लग्नासाठी बायोडेटा करताय तर त्यात आधी शिक्षण, पगार, कुटुंबातली माणसं, उंची असा क्रम असतो. बायोमध्ये हे काहीच दिसत नाही. आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत जोडायची तयारी ठेवा.

---

मोडीवाचक

गव्हाळ, हा बायोडेटा नाही. ॲपवरच्या प्रोफाइलमधला तीनशे अक्षरांचा परिच्छेद आहे. पगार, उंची, कुटुंब यांचं तिथे काम नाही. हुकूमनाम्याबद्दलचा मुद्दा मात्र बरोबर आहे. लग्नाचा विचार पुढे गेला की समोरच्याने तो बघायला मागणं रास्त आहे आणि दाखवायला काचकूच नको. बायोत त्याचा उल्लेख नको, एवढंच.

---

काजवा

माझ्या भावाचं थोडं वेगळं आहे. त्याचा दावा अजून चालू आहे, वर्षभर वेगळे राहतायत. तो म्हणतो की निकाल फक्त औपचारिकता उरलाय, तेव्हा "घटस्फोटित" लिहायला हरकत नाही. मुलगा दोघांकडे जातो-येतो. त्यानेही सांजदिवांसारखंच लिहायचं का?

---

मोडीवाचक

नाही. निकाल लागलेला नसेल तर "घटस्फोटित" लिहायचं नाही. प्रामाणिक बायोची सगळी इमारत तिथेच ढासळते. समोरची व्यक्ती "कधी झाला?" असं विचारतेच, आणि उत्तर "अजून व्हायचाय" असं आलं की बाकी सगळं खरं असूनही खोटं वाटायला लागतं. त्यांनी सरळ लिहावं: "वेगळे राहतोय, घटस्फोटाची प्रक्रिया चालू आहे." रकान्यातही "विभक्त" किंवा "प्रक्रिया चालू" असा पर्याय असेल तर तोच. प्रतिसाद कमी येतील हे खरं. पण येतील ते माहिती असलेल्यांचे येतील. आणि ताब्याचा वाद कोर्टात असेल तर प्रोफाइल सुरू करण्याआधी वकिलाशी बोलावं. समोरची बाजू बायोचे स्क्रीनशॉट मांडू शकते.

---

काजवा

बरं, सांगते त्याला. त्याला आवडणार नाही, पण बरोबर आहे.

---

मोडीवाचक

सांजदिवा, आता तुमच्या मसुद्याकडे येतो. एकेक वाक्य घेतो, कारण यातली बहुतेक वाक्यं या वयाच्या आणि या परिस्थितीतल्या पुरुषांच्या बायोत हमखास भेटतात.

"साधा, सरळ माणूस." हे दुसऱ्याने तुमच्याबद्दल म्हणायचं असतं. स्वतः म्हटलं की त्यातून काहीच कळत नाही. काढा.

"आयुष्याने बरंच काही शिकवलंय. एका कठीण काळातून बाहेर पडलोय." या दोन वाक्यांत जवळजवळ साठ अक्षरं गेली आणि माहिती शून्य. यांच्याऐवजी "घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली" एवढंच. किती काळ झाला हा यातला सगळ्यांत उपयोगी तुकडा आहे. नुसतं "घटस्फोटित" म्हटलं तर मागचा महिना की मागचं दशक, हे कळत नाही. दोन वर्षं म्हटलं की कागदपत्रं, राहण्याची सोय, मुलीच्या भेटीचं वेळापत्रक हे सगळं एव्हाना मार्गी लागलेलं असेल, असा अंदाज वाचणारा स्वतः बांधतो. "मी सावरलोय" असं वेगळं लिहावं लागत नाही.

"माझी लेक माझं जग आहे." रुणझुण यांनी दुसऱ्या अर्ध्याबद्दल लिहिलंय, मी पहिल्याबद्दल सांगतो. प्रेम खरं आहे, वाक्य मात्र दार लावून घेणारं आहे. जग भरलेलं असेल तर येणाऱ्याने कुठे बसायचं? मुलीवरचं प्रेम व्यवस्थेतून दिसतं: ती कुठे असते, तुमच्याकडे कधी असते. "काही दिवस माझ्याकडे असते" यात तुम्ही तिच्या आयुष्यात रोजच्यासारखे आहात हे कळतं.

"खोटं बोलणारे, नाटकं करणारे लांब राहा." या वाक्याने एकही खोटं बोलणारा माणूस थांबत नाही. थांबतात ते नीट माणसं, कारण त्यांना वाटतं की मागच्या नात्याचा राग आपल्यावर निघणार. "काय नको" ही यादी बायोत असूच नये. काय हवं ते एका वाक्यात लिहा.

"बाकी भेटल्यावर बोलूच." हे इतर कुणी लिहिलं तर निरुपद्रवी आहे. घटस्फोट कंसात टाकून वर हे लिहिलं की काहीतरी राखून ठेवलंय असं वाटतं.

आता मुलीबद्दल किती सांगायचं, ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. बायो तुमची आहे, मुलगी तुमची आहे, पण तिची माहिती तुमच्या बायोत येताना ती बोलू शकत नाही. नाव नको, शाळा नको, राहता भाग नको आणि फोटो तर अजिबातच नको. चेहऱ्यावर इमोजी चिकटवलेला किंवा पाठमोरा फोटोही नको. गणवेश, दप्तर, मागची इमारत यांवरून बरंच कळतं. तोच फोटो तुमच्या दुसऱ्या एखाद्या खात्यावर उघडा असेल तर फोटो शोधून तिथवर पोचता येतं आणि मग नावही मिळतं. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. "एक आड एक शनिवार-रविवार ती माझ्याकडे असते" असं लिहिणं म्हणजे एका लहान मुलीचं वेळापत्रक अनोळखी लोकांना देणं. एकट्या पालकांच्या घरात शिरायला बघणारी माणसं अशा ॲपवर असतात. मुलांपर्यंत पोचणं हाच त्यांचा हेतू असतो. म्हणून "जास्त आईकडे, काही दिवस माझ्याकडे" इतपतच. नेमके दिवस ओळख झाल्यावर.

आणि एक कसोटी: हे वाक्य मुलीच्या आईने वाचलं तर चालेल का, आणि मुलीने मोठी होऊन वाचलं तर? दोघींपैकी एकीला बोचणार असेल तर काढा.

---

पारिजात_३

पहिल्या ओळीचं पटलं. पण "परस्पर संमतीने" हे दोन शब्द घाला असं मी म्हणेन. वाचणाऱ्याला लगेच कळतं की कोर्टात भांडण झालेलं नाही. रुणझुण यांचा दुसरा प्रश्न आपोआप सुटतो.

---

मोडीवाचक

मी घालत नाही. तुम्ही कारण दिलंत की वाचणारा पडताळू लागतो. "परस्पर संमतीने" वाचून काही जण हायसं होतात, काहींना वाटतं की विचारायच्या आधीच हा सफाई का देतोय. आणि संमतीने झालेला घटस्फोटही कडवट असू शकतो. त्यामुळे वाद चालू आहेत का, याचं उत्तर त्या शब्दांत नसतंच.

---

रुणझुण

इथे माझं मत पारिजात यांच्या बाजूने आहे. मला ते शब्द वाचून बरं वाटतं. सगळ्यांनाच वाटेल असं म्हणत नाही.

---

पारिजात_३

मग ज्यांचं खरंच संमतीने झालंय त्यांनी आपापलं ठरवावं. ज्यांचं झालेलं नाही त्यांनी अर्थातच लिहू नये.

---

खडीसाखर

रकान्यांबद्दल माझं अर्धवट होतं, मान्य. पण "आणखी मूल हवंय का" हा रकाना वेगळा असतो ना? बहुतेक लोक "मूल आहे" भरतात आणि हा रिकामा सोडतात.

---

मोडीवाचक

बरोबर, आणि या वयात तो महत्त्वाचा आहे. पस्तिशीच्या पुढच्या बाईला स्वतःचं मूल हवं असेल तर तिच्याकडे "बघू पुढे" म्हणायला फारशी वर्षं नसतात. म्हणून "ठरवलेलं नाही" किंवा "विचार करायला तयार" असा पर्याय असेल तर तो निवडा. हवंय असं खोटं भरू नका. नकोच असेल तर नकोच भरा, मॅच कमी झाल्या तरी. बायोत मात्र हा विषय लिहायचा की नाही यावर माझं पक्कं मत नाही. काही ॲपवर तो रकाना ठळक दिसतो, काहींवर दिसत नाही. दिसत नसेल तर बायोत चार शब्द द्यावेत असं वाटतं. पण तीनशे अक्षरांत ते नीट बसत नाहीत आणि अर्धवट लिहिलं तर गैरसमज होतो.

---

सांजदिवा

हे सगळं धरून पुन्हा लिहिलं:

> पुलांची तपासणी करणारा अभियंता. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतो. घटस्फोटित, दोन वर्षं. ८ वर्षांची मुलगी, शाळेच्या दिवसांत आईकडे. गंभीर नातं शोधतोय. समजूतदार, शांत स्वभावाची व्यक्ती हवी.

आधीपेक्षा बरं आहे, पण वाचताना कोरडं वाटतंय.

---

ओलीमाती

कोरडं वाटतंय कारण सगळी वाक्यं नोंदीसारखी झालीत. आधी भावनाच भावना होती, आता नुसत्या नोंदी. दोन्हींच्या मध्ये यायला फार काही लागत नाही. क्रियापदं पूर्ण करा आणि एखाद्या ठिकाणी तुमचा आवाज येऊ द्या. रेडिओ "दुरुस्त करतो" याऐवजी "पुन्हा बोलते करतो" म्हटलं तरी त्यातली तुमची आवड दिसते.

"समजूतदार, शांत स्वभावाची व्यक्ती हवी" हे काढा. असमजूतदार व्यक्ती हवी असं कुणी लिहीत नाही. घटस्फोटित पुरुषाच्या बायोत ते शिवाय "मागची तशी नव्हती" असं वाचलं जातं. "गंभीर नातं" यापेक्षा कुठवर जायची तयारी आहे ते सांगा. लग्न हवंय की नुसती सोबत? घटस्फोटानंतर दोन्ही शक्य असतात आणि वाचणाऱ्याला हे कळणं गरजेचं असतं.

शेवटी एक प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर देणं सोपं असेल. मूल आणि घटस्फोट वाचून झाल्यावर समोरच्याला पहिला मेसेज नेमका कशावर करायचा ते सुचत नाही. मुलीबद्दल विचारलं तर आगाऊपणा वाटतो, घटस्फोटाबद्दल विचारलं तर खोदून काढल्यासारखं वाटतं. रेडिओवरून प्रश्न विचारलात तर त्यांना वाट मिळते.

---

मोडीवाचक

ओलीमाती यांनी फार नेमकं सांगितलं. यात मी दोन दुरुस्त्या जोडतो. वय आणि "मुलगी" यांऐवजी "शाळकरी मूल" लिहा. शाळकरी म्हटलं की पाळण्यातलं नाही आणि कॉलेजातलंही नाही, एवढं कळतं. त्याहून नेमकं सांगायची गरज बायोत नाही. आणि "शाळेच्या दिवसांत" हेही काढा, वेळापत्रक आहे ते.

असं करून बघा:

> पूल तपासणं हे काम, जुने रेडिओ पुन्हा बोलते करणं हा नाद. घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. शाळकरी मूल आहे. जास्त आईकडे, काही दिवस माझ्याकडे. आठवड्यातल्या संध्याकाळी मोकळ्या असतात. घाई नाही, पण लग्नापर्यंत जाणारी सोबत हवी. तुमच्या घरात बंद पडलेलं पण टाकवत नाही असं काय आहे?

मोजून बघितलं, ३०० च्या आत आहे. मराठीत लिहिताना एक लक्षात ठेवा. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक चिन्ह अनेक ॲप स्वतंत्र अक्षर म्हणून मोजतात. "घटस्फोट" डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण अशा मोजणीत सात होतात. म्हणून कागदावर अंदाज बांधू नका, ॲपच्या चौकटीतच लिहून आकडा बघा. आणि चिकटवल्यावर शेवट नीट वाचा. मर्यादा ओलांडली की काही ठिकाणी शेवट गुपचूप कापला जातो आणि नेमका प्रश्नच गायब होतो.

---

गव्हाळ

"शाळकरी मूल" याने मुलगा की मुलगी हे लपतं. ते अप्रामाणिक नाही का?

---

मोडीवाचक

नाही. मूल आहे हे लपवलं तर फसवणूक. ते मुलगा की मुलगी हे अनोळखी माणसाला न सांगणं म्हणजे मुलाची काळजी. गप्पा सुरू झाल्या की दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजात सहज सांगता येतं.

---

रुणझुण

मला मात्र "मूल" हा शब्द जरा परका वाटतो. बाप स्वतःच्या मुलीला "मूल" म्हणत नाही. "मुलगी" लिहिलं की ऊब येते. सुरक्षेचं कारण कळतं, तरी वाचताना फरक जाणवतो.

---

ओलीमाती

मीही "मुलगी" ठेवलं असतं आणि वय काढलं असतं. शाळकरी मुलगी म्हटलं तर फार काही उघड होत नाही. पण मोडीवाचकांचा मुद्दा मुलींच्या बाबतीत जास्तच लागू होतो, हेही खरं.

---

सांजदिवा

"मूल" ठेवतो. तिच्या आईशीही बोलून घेईन, तिचं मत असेलच. हिंजवर मात्र एकच बायो नाही, तीन प्रश्नांना प्रत्येकी १५० अक्षरांत उत्तरं द्यायची असतात. हा परिच्छेद तिथे कसा फोडू?

---

मोडीवाचक

तीन उत्तरांपैकी एकाच उत्तरात घटस्फोट आणि मूल येऊ द्या, आणि ते पहिलं उत्तर नको, तिसरंही नको. पहिल्यात रेडिओ. दुसऱ्यात, "माझ्याबद्दल आधीच माहीत असावं" अशा अर्थाचा प्रश्न निवडून, घटस्फोट आणि मुलाची वाक्यं तशीच. तिसऱ्यात काय शोधताय ते आणि तुमचा प्रश्न. तीनही उत्तरांत मूल आणलं तर ओलीमाती म्हणतात तसं समोरच्याला बोलायला दुसरं काही उरत नाही. मुलांचे दोन्ही रकाने भरून ते दिसतील असे ठेवा.

आणि फोटो. गाडीतला गॉगलवाला काढा, असेल तर. एखादा फोटो रेडिओ उघडून बसलेला टाका. मागे भिंतीवर मुलीची चित्रं, शाळेचं वेळापत्रक किंवा तिचं नाव असलेलं काही लागलेलं नाही ना, हे फोटो मोठा करून तपासा. असे फोटो घरीच काढलेले असतात आणि अशा गोष्टी आपल्या सवयीच्या असल्याने डोळ्यांना दिसतच नाहीत.

---

पारिजात_३

पहिल्या गप्पांत "काय झालं होतं?" असं विचारलं तर?

---

ओलीमाती

विचारतातच. दोन वाक्यं तयार ठेवावीत, त्यात दोष कुणाचाही नको आणि खोटंही नको. उदाहरणार्थ: "आम्हाला पुढचं आयुष्य वेगवेगळं हवं होतं, ते जुळवायचा प्रयत्न केला आणि नाही जमलं. आता मुलीच्या बाबतीत आम्ही नीट बोलतो." दुसरं वाक्य खरं असेल तरच. नसेल तर "मुलीच्या बाबतीत नियम ठरलेले आहेत, ते दोघं पाळतो." सविस्तर प्रत्यक्ष भेटीत, आणि तेही पहिल्याच भेटीत नाही. उत्तर लांबलं की त्यात तिसरं माणूस येतं आणि गप्पा त्या माणसाच्या होतात.

---

काजवा

हे भावाला पाठवलं. तो विचारतोय की "प्रक्रिया चालू" लिहिल्यावर काहीच मॅच नाही आल्या तर निकाल लागेपर्यंत प्रोफाइल बंद ठेवावी का?

---

मोडीवाचक

मुलगा लहान असेल आणि ताब्याचं ठरायचं असेल तर मी बंद ठेवा म्हणेन. ते ठरलेलं असेल आणि फक्त शेवटची तारीख बाकी असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. यावर इथे इतरांचं मत वेगळं असू शकतं.

---

रुणझुण

माझं वेगळं आहे. ताबा ठरला असला तरी निकालाआधी भेटणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. पण तसं लिहिलेलं असेल तर निदान पुढे जाताना राग येत नाही.

---

सांजदिवा

बायो बदलली. "आठवड्यातल्या संध्याकाळी" हे वाक्य सध्या ठेवलंय, पण पाहणीसाठी बाहेरगावी जावं लागतं तेव्हा ते खरं राहत नाही. "बहुतेक संध्याकाळी" करतो. रकाने भरले. मुलीच्या चित्रांवरून आठवलं, रेडिओच्या फोटोत मागच्या कपाटावर तिच्या नावाचं स्टिकर होतं. फोटो दुसरा काढतोय.